घट्ट केसिंगमध्ये अडकलेली हार्ड डिस्क : लपलेल्या क्लिपा कशा शोधाव्यात?

माहुलीचा_घाट (सातारा)

नमस्कार. मी साताऱ्यात लग्नसमारंभांची छायाचित्रे काढण्याचा व्यवसाय करतो. माझ्याकडे टेबलावर उभी ठेवायची, स्वतंत्र अ‍ॅडॅप्टरवर चालणारी ४ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे. गेले दोन महिने केबल विशिष्ट कोनात धरली तरच ती संगणकावर दिसते आणि हात सोडला की नाहीशी होते. डिस्क फिरल्याचा आवाज मात्र नेहमीसारखा येतो, त्यामुळे दोष डिस्कमध्ये नसून केबल लावायच्या सॉकेटमध्ये असावा, असे मला वाटते. वॉरंटी संपलेली आहे. डिस्क केसिंगमधून काढून डॉकवर लावावी आणि आतली छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत, असा विचार आहे.

अडचण अशी की केसिंगला बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. खालचे रबरी पाय उचलून पाहिले, मागचे लेबल बोटाने दाबून पाहिले, पण कुठेही पोकळी लागली नाही. रचना काडेपेटीसारखी वाटते. बाहेरचे कवच वेगळे आहे आणि आतला खण मागच्या बाजूने सरकत असावा. कवच एका अरुंद बाजूला उघडे आहे, तिथे खणाची भिंत दिसते आणि तिच्या दोन्ही लांब कडांवर बारीक फट आहे. मी मागच्या टोकाला चपटा स्क्रूड्रायव्हर घालून खण ओढला, तो जेमतेम २ मिलिमीटर सरकला आणि अडकला. आता तो आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही. प्लास्टिकवर ओरखडा पडला आहे. आत ११ लग्नांची छायाचित्रे आहेत आणि त्यांपैकी चार कुटुंबांचे अल्बम अजून छापायचे आहेत, त्यामुळे पुढे हात लावायला धजावत नाही.

हळदबाजार (सांगली)

प्लास्टिक थंड असले की कडक राहते, म्हणून आधी केस वाळवायच्या यंत्राने पाच-दहा मिनिटे सगळीकडून गरम करा. क्लिपा मऊ पडतील आणि मग खण जोर लावून ओढला की सुटेल. मी मोबाइलची मागची काच अशीच काढली होती. स्क्रूड्रायव्हरऐवजी जुने एटीएम कार्ड वापरा, म्हणजे ओरखडे पडणार नाहीत. फटीतून कार्ड फिरवताना ते जिथे जिथे अडेल, तिथे तिथे क्लिप आहे असे समजा.

अवजारपेटी (सांगली)

माहुलीचा_घाट, कृपया अजून काहीही ओढू नका. डिस्क सध्या बंद आहे ना? अ‍ॅडॅप्टर काढून ठेवा. चालू डिस्क आडवी-तिरपी करून उघडणे सर्वांत घातक असते.

हळदबाजार यांचा कार्डाचा सल्ला योग्य आहे, उष्णतेचा मात्र इथे लागू होत नाही. मोबाइलची काच गोंदाने चिकटवलेली असते आणि गोंद उष्णतेने सैल होतो. अशा केसिंगच्या क्लिपा गोंदाने धरलेल्या नसतात, त्या कवचाच्या खाचेत अडकलेल्या असतात. हे प्लास्टिक बहुधा एबीएस असते आणि ते मऊ पडायला शंभर अंशांच्या आसपास तापमान लागते, तर बहुतेक डिस्कना चालण्यासाठी दिलेली कमाल मर्यादा साधारण ६० अंशांची असते. म्हणजे क्लिप मऊ पडण्याच्या कितीतरी आधी डिस्कला झळ पोहोचेल. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होते हे खरे आहे. म्हणून फार तर केसिंग थोडा वेळ सकाळच्या उन्हात ठेवा, त्यापलीकडे नको.

आता खण का अडकला ते सांगतो, कारण ते कळले की पुढची कृती आपोआप सुचते. आतल्या खणाच्या भिंतीवर प्लास्टिकच्या लवचिक जिभा असतात. प्रत्येक जिभेच्या टोकाला एक दात असतो आणि तो कवचाच्या आतल्या खाचेत बसतो. दाताची पुढची बाजू उतरती असते, त्यामुळे कारखान्यात खण आत ढकलताना जीभ दबून सरकत जाते आणि खाच आली की वर उसळते. दाताची मागची बाजू मात्र सरळ उभी असते. खण बाहेर ओढला की ही उभी बाजू खाचेच्या कडेवर टेकते आणि जितके जास्त ओढावे तितकी ती घट्ट रुतते. आपला खण २ मिलिमीटर सरकला, याचा अर्थ खाचेत जेवढी मोकळीक होती ती संपली असून सगळे दात आता कडेवर ताणून बसले आहेत. अशा ताणलेल्या जिभेला कार्डाने दाबले तरी ती खाली जात नाही. उलट, नको तिथे जोर बसून तिचे मूळ तुटते.

म्हणून पहिली कृती ओढण्याच्या उलट आहे. मागच्या पट्टीवर दोन्ही अंगठे ठेवून खण पुन्हा आत ढकला. बारीक टक आवाज येऊन मागची कड जुळली की क्लिपांवरचा ताण गेला असे समजावे. हे झाल्यावर इथे लिहा.

कृष्णाकाठची_सुमती (सांगली)

माझ्याकडेही अशीच उभी डिस्क आहे. २०१९ च्या महापुरात ती दीड दिवस पाण्यात होती आणि तेव्हापासून कपाटात तशीच ठेवलेली आहे. केसिंगच्या फटीत गाळ वाळून घट्ट झाला आहे, त्यामुळे तीही उघडत नाही. वरील पद्धतीने मी ती उघडून, आतून पुसून चालू करून पाहिली तर चालेल का?

अवजारपेटी

सुमतीताई, आपली अडचण वेगळी आहे. कृपया ती डिस्क चालू करू नका. बहुतेक डिस्कच्या झाकणावर हवेच्या दाबासाठी एक बारीक छिद्र असते. पाणी आणि त्यातला अतिसूक्ष्म गाळ तिथून आत गेला असेल, तर चकत्या फिरू लागताच त्यांचा पृष्ठभाग खरवडला जाईल. केसिंग उघडून आपल्याला फक्त डिस्कची बाहेरची बाजू पुसता येईल, आतली नाही. त्यातला मजकूर हवा असेल तर ती आहे तशीच, केसिंगसह, डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावी आणि पुराचे पाणी गेले होते हे आधीच सांगावे. इतकी वर्षे गेल्यावर किती हाती लागेल, हे ती तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

माहुलीचा_घाट

आपण सांगितल्याप्रमाणे खण आत ढकलला. प्रथम तो हलेना, मग एका कोपऱ्याकडून थोडा थोडा दाब दिल्यावर टक असा आवाज आला आणि मागची कड जुळली. नंतर जुने एटीएम कार्ड दोन्ही फटींतून सावकाश फिरवले. एका बाजूला ते चार ठिकाणी अडले आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी. म्हणजे एकूण सात क्लिपा आहेत का? दोन बाजूंना वेगवेगळी संख्या आली, म्हणून शंका येते.

अवजारपेटी

शंका रास्त आहे. अडणारी प्रत्येक जागा क्लिपची नसते. खणाला बळकटी देण्यासाठी आतून उभ्या पट्ट्या दिलेल्या असतात आणि कार्ड त्यांनाही अडते. दोन्हींतला फरक बोटांना कळतो. पट्टीवर कार्ड टेकले की भिंतीला टेकल्यासारखे निर्जीव लागते आणि कितीही दाबले तरी काही होत नाही. क्लिपवर कार्ड टेकवून हलकेच दाबले तर ते किंचित आत जाते आणि दाब काढला की परत ढकलले जाते. त्या परत ढकलण्याकडे लक्ष ठेवा.

एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असते आणि शोध घेण्यासाठी ते बोजड पडते. घरात जुनी एक्स-रेची फिल्म असेल तर तिची दोन बोटे रुंद पट्टी कापा. ती पातळ असल्याने फटीत सहज शिरते आणि दाताच्या बाजूला घासली की बोटाला कळते. खोलीत अंधार करून फटीत तिरपा टॉर्च धरला तर काही वेळा खाचेचा चौकोन कवचाच्या आत दिसतोही. सापडलेली प्रत्येक जागा कवचावर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेन्सिलीने नोंदवा. खऱ्या क्लिपा दोन्ही बाजूंना बहुतेक वेळा समोरासमोर असतात, हा ताळा उपयोगी पडतो.

तांबडी_वायर (कऱ्हाड)

मध्येच एक विनंती करतो. डिस्क बाहेर आल्यावर तिच्या टोकाला जोडलेला छोटा बोर्ड फेकू नका आणि त्याला ओरबाडूही नका. काही केसिंगांमध्ये हा बोर्ड मजकूर सांकेतिक रूपात लिहितो, आपण पासवर्ड दिलेला नसला तरीही. अशी डिस्क थेट डॉकवर लावली तर तिच्यातले काहीही वाचता येत नाही आणि तोच बोर्ड परत लावावा लागतो. सॉकेट सैल झाले असेल तर त्याचे पाय नव्याने सोल्डर करता येतात, ते काम फार मोठे नाही.

हळदबाजार

उष्णतेचे माझे चुकले, हे मान्य. पण कार्डाने क्लिपा एकेक सोडवत गेलो तर पहिली सोडवून दुसरीकडे जाईपर्यंत पहिली पुन्हा बसते, असा माझा अनुभव आहे. माझ्या राउटरच्या झाकणाशी मी तासभर झगडलो आणि शेवटी दोन क्लिपा मोडूनच ते निघाले. त्यामुळे एक-दोन मोडल्या तरी चालतील असे धरूनच कामाला लागावे, असे माझे मत आहे.

अवजारपेटी

क्लिप पुन्हा बसते हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे, पण त्यावरचा उपाय मोडणे हा नव्हे. जितक्या क्लिपा तितकी कार्डे घ्यावीत. पहिल्या क्लिपवर कार्ड आत सरकवले की ते तिथेच राहू द्यायचे आणि पुढच्या क्लिपसाठी दुसरे घ्यायचे. राउटरच्या झाकणाची एक बाजू वर उचलली जाते, म्हणून तिथे एकेक क्लिप सोडवत जाता येते. इथे खण सरकायचा असल्याने सगळ्या क्लिपा एकाच वेळी दबलेल्या असाव्या लागतात. चारपैकी तीन दबलेल्या असतील तरी खण एक मिलिमीटरही पुढे येत नाही, आणि त्या वेळी जोर लावला तर सगळा ताण चौथ्या क्लिपवर येतो.

मोडलेल्या क्लिपेचा त्रास पुढेही होतो. तिचा तुकडा खण आणि कवच यांच्यामध्ये पाचरीसारखा अडकतो, आणि तो काढायला बाहेरून वाट नसते.

माहुलीचा_घाट

आईच्या गुडघ्याची जुनी फिल्म मिळाली, तिच्या पट्ट्या कापल्या. सातांपैकी चार जागी पट्टी परत ढकलली गेली, उरलेल्या तीन जागा निर्जीव लागल्या. चारही जागा दोन-दोन अशा समोरासमोर आहेत. आता चार कार्डे जमवतो. दोन जुनी एटीएमची आहेत, एक ग्रंथालयाचे आणि एक जुन्या सिमकार्डाची मोकळी चौकट.

अवजारपेटी

सिमकार्डाची चौकट मधोमध पोकळ असते, ती वाकेल. तिच्याऐवजी एटीएम कार्डच लांबीत कापून दोन करा. कापलेल्या कार्डाची कड बारीक पॉलिश पेपरवर घासून उतरती करा, म्हणजे ती दाताच्या बाजूवरून सहज चढेल.

काम घडी घातलेल्या सुती गोधडीवर करा. ही डिस्क पाऊण किलोच्या आसपास भरते आणि खण सुटतो तेव्हा एकदम सुटतो, तेव्हा तो गोधडीपासून चार बोटांपेक्षा उंच असू नये. आधी दोन्ही बाजूंच्या पुढच्या क्लिपा दाबा, मग मागच्या. चारही कार्डे बसल्यावर खण अजिबात न ओढता कवचाच्या पुढच्या टोकावर तळहात ठेवा आणि दुसऱ्या हाताने मागची पट्टी धरून सरळ रेषेत सरकवा. तिरके केले की खण जुन्या लाकडी खणासारखा कोपऱ्यात रुततो.

माहुलीचा_घाट

आज दुपारी बसलो. तीन कार्डे सहज बसली. चौथ्या जागी, म्हणजे मी स्क्रूड्रायव्हर घातला होता त्याच बाजूच्या मागच्या क्लिपवर, कार्ड चढेना. ओरखड्यामुळे फटीची कड आत वळली होती. ती नखकाणसाने घासून सरळ केली तेव्हा कार्ड आत गेले. मग सांगितल्याप्रमाणे सरकवले आणि खण सुमारे १ सेंटिमीटर बाहेर आला. तिथे तो पुन्हा अडकला. या वेळी मी ओढले नाही. आता काय असावे?

अवजारपेटी

थांबलात हे फार चांगले केले. कार्डे अजून फटीतच आहेत का?

माहुलीचा_घाट

होय, चारही तशीच आहेत. काढली तर क्लिपा पुन्हा बसतील या भीतीने ठेवली आहेत.

अवजारपेटी

तीच आता अडवत आहेत. खण १ सेंटिमीटर पुढे आला म्हणजे दात आपापल्या खाचा ओलांडून पुढे गेले आहेत आणि त्यांना परत बसायला खाच उरलेली नाही. कवचाची भिंतच आता जिभांना दाबून धरते आहे. कार्डे मात्र खणाबरोबर सरकून कवच आणि खण यांच्यामध्ये चिरडली गेली आहेत. चारही कार्डे एकेक करून सरळ बाहेर काढा. एखादे निघत नसेल तर खण केसभर आत ढकलून मग काढा, पण खाचेपर्यंत मागे नेऊ नका.

माहुलीचा_घाट

तीन कार्डे हाताने निघाली, चौथ्यासाठी खण किंचित मागे घ्यावा लागला. त्यानंतर खण इतक्या हलकेपणाने सरकला की क्षणभर विश्वास बसेना. एकही क्लिप मोडलेली नाही. आत डिस्क चार रबरी बुचांवर बसवलेली आहे. तांबडी_वायर यांनी म्हटलेला बोर्ड मागच्या बाजूला एका स्क्रूने धरलेला आहे. पण रबर उष्णतेने विरघळल्यासारखे चिकट झाले असून डिस्कला घट्ट धरून आहे.

अवजारपेटी

बोर्डाचा स्क्रू आधी काढा. डिस्क वर उचलू नका, कारण तिचे टोक बोर्डाच्या जोडणीत खोचलेले असते आणि वर उचलले की त्या जोडणीचे प्लास्टिक तुटते. डिस्क खणाशी चिकटलेली असेल तर साधा नायलॉनचा दोरा रबर आणि डिस्क यांच्यामध्ये घालून करवतीसारखा मागेपुढे करा. चारही रबरे सुटली की डिस्क बोर्डासकट खणातून बाहेर घ्या आणि गोधडीवर सपाट ठेवून बोर्ड सरळ मागे ओढा. तो एखादा सेंटिमीटरही न जाता सुटतो. हिरवी किंवा निळी सर्किटची बाजू बोटांनी धरू नका, डिस्कच्या कडा धरा.

माहुलीचा_घाट

डिस्क सुटली. दोऱ्याने फार छान काम झाले. डॉकवर लावल्यावर मात्र `You need to format the disk` असा संदेश आला. मी रद्द केले. `Disk Management` मध्ये ४६५ जीबीचा एक भाग `RAW` म्हणून दिसतो. डिस्क तर ४ टीबीची आहे. म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात आहे का?

तांबडी_वायर

मला तसेच वाटते. बोर्डाशिवाय वाचता येणार नाही.

अवजारपेटी

बोर्ड लागेल हे खरे, पण कारण दुसरे असावे. संगणक ४ टीबी म्हणजे साधारण ३७२५ जीबी दाखवतो आणि त्याचा आठवा भाग ४६५ होतो. हा योगायोग नव्हे. काही बोर्ड संगणकाला ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात, डॉक मात्र ५१२ बाइटचे दाखवतो. त्यामुळे डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेला सेक्टरांचा आकडा तोच राहतो, पण प्रत्येक सेक्टर आठपट लहान धरला जातो. मजकूर सांकेतिक असता तर सुरुवातीची नोंदही वाचता आली नसती आणि डिस्क कोरी असल्यासारखी `Not Initialized` दिसली असती, असा माझा अंदाज आहे. काहीही असो, फॉरमॅट करू नका. सॉकेट दुरुस्त करून बोर्ड पुन्हा लावा.

तांबडी_वायर

हिशेब पटला. तरी दोन्ही गोष्टी एकत्र असू शकत नाहीत असे ठामपणे म्हणता येईल का, याबद्दल मला अजून शंका आहे.

माहुलीचा_घाट

राजवाड्याजवळच्या एका दुरुस्ती करणाऱ्यांकडून सॉकेटचे चारही पाय नव्याने सोल्डर करून घेतले. बोर्ड उघड्या डिस्कला लावला, ती गोधडीऐवजी लाकडी पाटावर सपाट ठेवली आणि शेजारी पंखा लावला. सगळे फोल्डर दिसत आहेत. नक्कल रात्रभर चालू होती, आतापर्यंत सात लग्ने उतरली आहेत.

कोणाकडे असेच केसिंग असेल तर माझ्या नोंदी देऊन ठेवतो. दोन्ही बाजूंना मागच्या कडेपासून पहिली क्लिप ३५ मिलिमीटरवर आणि दुसरी ११८ मिलिमीटरवर होती. उरलेल्या तीन जागा पट्ट्यांच्या होत्या.

हळदबाजार

माझ्या घरच्या उभ्या डिस्कवर आपली मापे लावून पाहिली. ३५ वर पट्टी परत ढकलली जाते, पण ११८ वर निर्जीव लागते. वरच्या अरुंद कडेला मात्र एक जागा लवचिक लागते. अजून ओढलेले नाही. आज फिल्मची पट्टी घेऊन पुन्हा सगळीकडून फिरवतो आणि जागा नोंदवून इथे लिहितो.